दिल्ली पासिंगची 2015 ची डिझेल इनोव्हा नागपुरात घ्यावी का? दहा वर्षांचा नियम इथं लागतो का?

मनीषनगरवाला:
नमस्कार मंडळी. घरात आम्ही सहा जण, त्यात आईचे गुडघे गेलेले, म्हणून सात सीटर बघून राहिलोय, बजेट सात लाखांच्या आत. दोन गाड्या फायनलला आल्या आहेत, दोन्ही इनोव्हा डिझेल. पहिली दिल्ली पासिंग, पहिलं रजिस्ट्रेशन फेब्रुवारी 2015, डीलर 5 लाख 20 हजार मागतो. दुसरी एमएच 31, नोव्हेंबर 2013 ची, धंतोलीतल्या एका डॉक्टरांच्या घरची, ते 6 लाख 80 हजारांवर अडून बसलेत. म्हणजे सव्वा वर्षानं जास्त जुनी गाडी दीड लाखाहून महाग, हे काही डोक्यात बसत नाही.

डीलरचं म्हणणं, दिल्लीत दहा वर्षांचं डिझेल बंद म्हणून तिकडून स्वस्तात येतात, नागपुरात असा काही नियम नाही, बिनधास्त घ्या, एनओसी काढून देतो. आरसी बघितली, स्मार्ट कार्डवर फेब्रुवारी 2030 पर्यंत व्हॅलिड लिहिलंय. मग अडचण कुठं आहे? आणि एक सांगायचं राहिलं, बहीण फरीदाबादला असते, वर्षातून एकदा दिवाळीच्या आसपास आम्ही गाडीनंच जातो. कोणाला अनुभव असेल तर सांगा, रविवारपर्यंत टोकन द्यायचं आहे.

धरमपेठी:
भाऊ, दोन्ही सोडा. केंद्राची स्क्रॅप पॉलिसी आलीये ना, पंधरा वर्षं झाली की गाडी सरळ भंगारात. 2013 वाली तर दोन-अडीच वर्षांत जाणार, मग 6.80 कशाला घालता? पेट्रोल पंधरा आणि डिझेल दहा असा नियम आता सगळ्या देशात झालाय, नागपुरात पकडत नाहीत एवढंच. त्यापेक्षा 2019 नंतरची छोटी गाडी बघा.

उमरेड रोड:
माझी बी गोष्ट आयका. माझी स्कूटर 2009 ची, 2024 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली. लोकं म्हणे फेकून दे, आता नाई चालत. मी गेलो आरटीओत, रिन्युअलची फी 1000 रुपये, पर्यावरण कर 2000, पीयूसी होतंच, इन्शुरन्स होता. सायबानं गाडी पाह्यली, चेसिस नंबर घासून घेतला कागदावर, हॉर्न लाइट ब्रेक पाह्यले अन् पाच वर्षं वाढवून दिली. आता 2029 पर्यंत रोज उमरेड रोडनं चालवून राहिलो. म्हून सांगतो जुन्या गाडीले घाबरू नका, स्कूटर मस्त राहते.

मनीषनगरवाला:
काका धन्यवाद, पण मला सात सीटर पाहिजे. पर्यावरण कराचं मात्र माहीत नव्हतं, चारचाकीला किती असतो?

कागदवाला भाऊ:
मी एकवीस वर्षांपासून गिरीपेठेतल्या आरटीओ बाहेर गाड्यांचे कागद करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी धरमपेठी भाऊंचं. तुमचं अर्धं बरोबर आहे. डिझेल दहा आणि पेट्रोल पंधरा हा नियम देशाचा नाही, दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआरचा आहे. हरित लवादानं 2014 आणि 2015 मध्ये तसे आदेश दिले आणि ऑक्टोबर 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एनसीआर म्हणजे नुसती दिल्ली नाही, गुडगाव, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद सगळं त्यात येतं. नागपुरात, किंबहुना महाराष्ट्रात कुठंच, खाजगी गाडीला असं वयाचं बंधन आज नाही. इथं पंधरा वर्षं म्हणजे गाडीचा शेवट नव्हे, रजिस्ट्रेशनची पहिली मुदत संपते एवढंच. मुदत संपायच्या आधी 60 दिवसांत अर्ज करायचा, गाडी तपासणीला दाखवायची, पास झाली की पाच वर्षं मिळतात, नंतर परत पाच. स्क्रॅप पॉलिसीतसुद्धा खाजगी गाडी तपासणीत नापास झाली तरच भंगाराचा विषय येतो. पंधरा वर्षं झाली की थेट भंगार, हे 2023 पासून सरकारी गाड्यांना लागलं आणि लोकांनी ते स्वतःच्या गाडीला लावून घेतलं.

खर्च सांगतो. पंधरा वर्षांनंतर चारचाकीची रिन्युअल फी 5000 रुपये. वीस वर्षं ओलांडली की 10000, हे ऑगस्ट 2025 पासून. पर्यावरण कर पाच वर्षांसाठी पेट्रोल कारला 3000 आणि डिझेल कारला 3500. म्हणजे तुमच्या 2013 च्या गाडीला नोव्हेंबर 2028 मध्ये सरकारी भरणा साधारण साडेआठ हजार, आणि गाडी तपासणीला नेण्याआधी टायर, लाइट, ब्रेकवर जे लागेल ते वेगळं. दीड लाखाचा फरक यातून निघत नाही. फरक दुसरीकडे आहे.

तो आहे दिल्लीच्या गाडीच्या आरसीत. कार्डावर 2030 लिहिलंय हे खरं, कारण ते कार्ड 2015 मध्ये छापलंय, तेव्हा सगळ्यांना पंधरा वर्षंच छापून यायची. पण दिल्लीनं 1 जानेवारी 2022 पासून दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांचं रजिस्ट्रेशन रद्द करायला सुरुवात केली, आणि ते होतं सिस्टिममध्ये, तुमच्या हातातल्या कार्डावर काही बदलत नाही. त्यामुळे कार्ड बघून गाडी घेऊ नका. `parivahan.gov.in` वर जा, मोबाईल नंबरनं लॉगिन करा, `Know Your Vehicle Details` मध्ये गाडीचा नंबर टाका. तिथं `RC Status` काय येतं ते इथं लिहा. आणि त्याच स्क्रीनवर `Emission Norms` आहे, म्हणजे गाडी धुराच्या कोणत्या मानकाची, बीएस 3 की बीएस 4, तेही लिहा, दोन्ही गाड्यांचं.

मनीषनगरवाला:
भाऊ खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. दिल्लीच्या गाडीचं आत्ता टाकून बघितलं. `ACTIVE` नाही येत, डीलरला फोन केला तर म्हणतो सर तो सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे, एनओसी निघाली की आपोआप ठीक होते. `Emission Norms` ला `BHARAT STAGE IV` आहे. डॉक्टरांच्या गाडीचा पूर्ण नंबर माझ्याकडे नाही, संध्याकाळी मागतो.

गोरेवाडा ताई:
दादा थांबा, टोकन देऊ नका. आम्ही यातून गेलोय.

2023 मध्ये आम्ही एनसीआरमधली अशीच डिझेल गाडी नागपुरातल्याच एका डीलरकडून घेतली. किंमत ऐकून मिस्टर एवढे खूश की त्याच दिवशी पूर्ण पैसे दिले. डीलर म्हणाला एनओसी येऊन राहिली, तोवर चालवा. तो महिना, हा महिना करत सात महिने गेले. मग कळलं की गाडी पहिल्या मालकाच्याच नावावर आहे, मधे दोन डीलरनी ती नुसत्या सहीच्या फॉर्मवर एकमेकांना विकली, आणि मूळ मालकाचा मोबाईल नंबर बदललेला. एनओसीला त्याचा ओटीपी लागतो, तो येणार कुठून? शेवटी मिस्टर स्वतः तिकडे गेले, सोसायटीच्या वॉचमनला विचारत विचारत त्या गृहस्थांचा पत्ता काढला, माणूस चांगला होता म्हणून काम झालं. त्या सात महिन्यांत इन्शुरन्स आमच्या नावावर नव्हता, गाडीनं कोणाला उडवलं असतं तर काय झालं असतं हा विचार आला की अजून अंगावर काटा येतो. डीलरनं नंतर फोन उचलणं बंद केलं.

एक खूण सांगते. आम्हाला दिलेल्या मालकी बदलाच्या फॉर्म 29 वर विकत घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती आणि मालकाची सही एका शाईत, तारीख दुसऱ्या शाईत. तेव्हा लक्षातच आलं नाही. असं दिसलं तर समजा मधे कोणीतरी आहे.

कागदवाला भाऊ:
ताईंनी लाखाची गोष्ट सांगितली. असल्या फाइली माझ्याकडे महिन्याला दोन-तीन येतात आणि अर्ध्या परत जातात.

मनीषनगर भाऊ, डीलर म्हणतो ते उलटं आहे. आधी स्टेटस, मग एनओसी, मग पैसे. एनओसी म्हणजे फॉर्म 28, तो दिल्लीचं आरटीओ देतं आणि त्यावर नागपूरच्या कोणत्या ऑफिससाठी आहे ते छापलेलं असतं. नागपूर शहर, पूर्व नागपूर आणि ग्रामीण ही वेगवेगळी ऑफिसं आहेत, 31, 49 आणि 40. तुमच्या आधारवरचा पत्ता ज्या ऑफिसात येतो त्याच ऑफिसची एनओसी पाहिजे, नाहीतर इथून परत पाठवतात आणि दिल्लीत पुन्हा चकरा. आता अशा जुन्या गाड्यांचं आणखी एक आहे. हरित लवादाच्या वेळी दिल्लीतून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बाहेर जायच्या, तेव्हा काही राज्यांनी आपले सगळे जिल्हे खुले केले नव्हते, ठरावीक जिल्ह्यांसाठीच एनओसी मिळायची. म्हणून पैसे देण्याआधी दोन्हीकडे विचारा: दिल्लीचं ऑफिस या गाडीला नागपूर जिल्ह्याची एनओसी देतंय का, आणि तुमचं ऑफिस ती घेतंय का. डीलरचा शब्द इथं काही कामाचा नाही.

ताईंच्या अनुभवावरून अजून एक. त्या स्क्रीनवर मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं फुल्या मारून येतात, पण पहिलं-शेवटचं अक्षर जुळवता येतं. ते आरसीवरच्या नावाशी जुळतं का बघा, आणि त्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोला. डीलर बोलू देत नसेल तर गाडी तिथंच सोडा.

गोरेवाडा ताई:
आणि टॅक्स! तो आम्हाला शेवटी कळला. महाराष्ट्राचा वन टाइम टॅक्स वेगळा भरावा लागतो, दिल्लीत भरला होता तो इथं चालत नाही.

कागदवाला भाऊ:
हो. मूळ किंमत आणि गाडीचं वय बघून तो काढतात, जितकी जुनी तितका कमी, तरी इनोव्हासारख्या गाडीला हजारांत जातो. मूळ बिल घेऊन काउंटरवर विचारा, तोंडी आकड्यावर विसंबू नका. दिल्लीत भरलेल्यातला उरलेला भाग परत मागता येतो, पण अर्ज तिकडे करायचा आणि तो पहिल्या मालकाच्या नावावर निघतो, त्यामुळे तो धरून हिशोब करू नका.

लोक अजून एक चुकतात. इथं एमएच नंबर मिळाला म्हणजे गाडीला नवी पंधरा वर्षं मिळाली असं वाटतं. तसं नाही. वय पहिल्या रजिस्ट्रेशनपासूनच मोजतात. तुमची दिल्लीची गाडी नागपुरात आली तरी मुदत फेब्रुवारी 2030 लाच संपणार. उलटंही होतं, एमएच 49 चा ताजा नंबर बघून लोक गाडी नवी समजतात आणि ती असते बाहेरून आणून नंबर बदललेली. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतं, ते बघायची सवय लावा.

मूळ वर्धा, आता ठाणे:
नागपुरात नियम नाही म्हणता पण महाराष्ट्रात येऊन राहिलाय. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करायच्या, सरकारनं समितीही नेमली. आमच्या सोसायटीत याच कारणानं तिघांनी डिझेल गाड्या विकल्या. उद्या नागपूरला लागू झालं तर तुमचे सात लाख पाण्यात.

धरमपेठी:
बघा, मी हेच म्हणत होतो. आज ना उद्या येणारच आहे.

कागदवाला भाऊ:
ठाणेकर, कोर्टानं बंद करायचा आदेश दिला नाही. मुंबईची हवा बघून, मुंबई परिसरात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं काढता येतील का याचा अभ्यास करा असं सांगितलं आणि सरकारनं त्यासाठी निवृत्त अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विषय मुंबई महानगराचा होता, नागपूरचा नाही. पुढं काय होईल ते कोणी लिहून देऊ शकत नाही, मीही नाही. पण आज गाडी घेणाऱ्यानं आजच्या नियमावर घ्यावी आणि भाव करताना ही अनिश्चितता धरावी एवढंच मी गिऱ्हाइकाला सांगतो.

मूळ वर्धा, आता ठाणे:
ठीक आहे, अभ्यास म्हणू. पण दिल्लीतही आधी असंच अभ्यास अभ्यास चाललं होतं.

सक्करदरा गॅरेज:
मी मेकॅनिक. कागदाचं भाऊंनी सांगितलं, मी गाडीचं सांगतो. दिल्लीहून आलेली गाडी लिफ्टवर घ्या आणि चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यानं वाचा, चिकणमाती लावलेली असली तर पुसून वाचा. मागच्या महिन्यात माझ्याकडे एक गाडी आली, नंबरच्या आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरनं घासलेला आणि वर ताजा काळा रंग, बाकी सगळीकडे धूळ आणि तेवढाच चौकोन चकचकीत. असली गाडी नागपुरातली असो की दिल्लीतली, आरटीओत तपासणीला गेली की तिथंच अडकते. इनोव्हाचं इंजिन तीन लाख किलोमीटर ओढतं, त्याची काळजी करू नका, पण कागद गेला तर चांगलं इंजिन घेऊन करणार काय.

काटोलवाला:
डिझेल काढून सीएनजी किट बसवली तर दहा वर्षांचा नियम चुकतो का? माझ्या भाच्याला कोणीतरी तसं सांगितलं.

कागदवाला भाऊ:
काटोलकर, तो वेगळा धागा काढा, इथं गुंता होईल. आरसीवर इंधन बदलल्याशिवाय किटचा काही उपयोग नाही एवढं लक्षात ठेवा.

मनीषनगरवाला:
डॉक्टरांच्या गाडीचं आलं. `RC Status` `ACTIVE`, मालक पहिलाच, कर्ज काही नाही, इन्शुरन्स-पीयूसी चालू, दोनशे रुपयांचं एक जुनं चलन आहे ते ते भरतो म्हणाले. पण `Emission Norms` ला `BHARAT STAGE III` येतंय! 2013 ची गाडी बीएस 3 कशी? गोंधळलो. डीलरची दिल्लीची 2015 वाली बीएस 4 आणि ही बीएस 3, म्हणजे दिल्लीचीच चांगली ना?

कागदवाला भाऊ:
हा प्रश्न विचारलात हे बरं झालं, याच्यावरच तुमचं सगळं ठरणार आहे.

2010 मध्ये बीएस 4 आलं ते सगळ्या देशात नाही, दिल्ली एनसीआर धरून तेरा शहरांत. आपल्या राज्यातून त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, नागपूर नव्हतं. बाकी देशात सक्तीचं झालं 1 एप्रिल 2017 ला. म्हणून त्या मधल्या वर्षांत एकच मॉडेल दोन प्रकारात यायचं, एनसीआरला बीएस 4 आणि आपल्याकडे बीएस 3. इनोव्हा तर दोन्हीत मिळायची. म्हणून तुमच्या डॉक्टरसाहेबांच्या गाडीत काही खोट नाही, त्या वेळी नागपुरात तीच विकली जायची.

नागपुरात याचा फरक काय? आज काहीच नाही. पीयूसी काढताना बीएसप्रमाणे मर्यादा वेगळी लागते, बीएस 3 ला बीएस 3 ची, इंजिन ठीक असेल तर पास होते. रिन्युअलला बीएस 3 आहे म्हणून कोणी अडवत नाही.

पण तुम्ही फरीदाबाद म्हणालात. फरीदाबाद एनसीआर आहे, आणि तिथला नियम तुमच्या नंबर प्लेटवरचं राज्य विचारत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की फक्त वय झालं म्हणून दहा वर्षांच्या डिझेल किंवा पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीमालकावर कारवाई करू नका. सगळ्यांना वाटलं सुटलो. मग डिसेंबर 2025 मध्ये कोर्टानं ते बदललं, आता ती सवलत फक्त बीएस 4 आणि त्यापुढच्या गाड्यांना. म्हणजे दहा वर्षांवरची बीएस 3 डिझेल तिथं पुन्हा कारवाईच्या टप्प्यात आली. डॉक्टरांची गाडी बारा वर्षांची, डिझेल, बीएस 3. तुम्ही ती घेऊन तिकडे गेलात आणि पकडलं तर वाद घालायला जागा नाही.

आता बीएस 4 दिल्लीवाली घेतली तर सुटका होते का? पूर्ण नाही. तुम्ही जाता दिवाळीला. त्या दिवसांत हवा बिघडली की ग्रॅप, म्हणजे प्रदूषणासाठीच्या निर्बंधांचा आराखडा, त्याचा तिसरा टप्पा लावतात, आणि त्यात दिल्ली, गुडगाव, फरीदाबाद, गाझियाबाद, नोएडात बीएस 3 पेट्रोल आणि बीएस 4 डिझेल, दोन्ही चारचाक्या रस्त्यावर आणायला बंदी. वीस हजारांचं चलन असतं. गेल्या डिसेंबरात तर दिल्लीनं बाहेरच्या राज्यातल्या बीएस 6 खालच्या गाड्यांना शहरातच येऊ दिलं नव्हतं. म्हणजे तुम्हाला ज्या महिन्यात जायचंय त्याच महिन्यात दोन्ही गाड्या अडचणीच्या.

मनीषनगरवाला:
बापरे. हे कोणत्याच डीलरनं सांगितलं नाही. म्हणजे फरीदाबादसाठी गाडी घ्यायची तर बीएस 6 च, आणि ती माझ्या बजेटात सात सीटरमध्ये येत नाही.

गोरेवाडा ताई:
दादा, वर्षातल्या चार दिवसांसाठी गाडी ठरवू नका. उरलेले तीनशे साठ दिवस आईला दवाखान्यात न्यायचंय, रामटेकला जायचंय, त्यासाठी कोणती बरी ते बघा.

धरमपेठी:
मी मागं घेतो, 15 वर्षांत भंगार हे माझं चुकीचं होतं. पण डॉक्टरांच्या गाडीचे 6.80 जास्तच आहेत असं माझं अजूनही मत आहे. बीएस 3 आहे म्हणजे पुढं विकताना एनसीआरकडचं गिऱ्हाईक येणारच नाही. ते कारण पुढं करून भाव पाडा.

कागदवाला भाऊ:
हे मात्र शंभर टक्के बरोबर. आणि हायसिक्युरिटी नंबर प्लेट लावलीये का बघा, एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना राज्यात ती सक्तीची आहे. नसेल तर ट्रान्सफरच्या आधी त्यांच्याकडूनच लावून घ्या.

उमरेड रोड:
मले एक सांगा, माह्या स्कूटरले बी ते प्लेट लागते का?

कागदवाला भाऊ:
काका, तुमची 2009 ची, म्हणजे लागतेच.

सक्करदरा गॅरेज:
दिल्लीवाल्या गाडीचा डीलर आता 4 लाख 80 हजारांवर येईल, बघा. आला की मोहात पडू नका, आधी स्टेटस `ACTIVE` किंवा एनओसी निघाल्याचं दिसू द्या.

मनीषनगरवाला:
गॅरेजवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, काल रात्रीच 4.75 चा फोन आला. मी म्हटलं मूळ मालकाशी व्हिडिओ कॉल लावून द्या, तर म्हणे ते परदेशात असतात. मी विषय संपवला.

डॉक्टरांकडे आज सकाळी बायकोला आणि आईला घेऊनच गेलो. आईला मधल्या सीटवर बसवून बघितलं, पायरीचा आधार घेऊन ती स्वतः चढली, हात धरावा लागला नाही. मग मी बीएस 3 चं आणि एनसीआरचं सगळं त्यांना मोकळेपणानं सांगितलं, मोबाईलवर स्क्रीन दाखवली. त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. थोडा वेळ शांत बसले आणि 6 लाख 25 हजारांवर आले, नंबर प्लेट आणि चलन त्यांच्याकडून. फॉर्म 29 च्या दोन्ही प्रती आणि फॉर्म 30 माझ्यासमोर भरायचे, माझं नाव आधी लिहायचं आणि मग त्यांनी सही करायची, हे ठरलं. सोमवारी कागदवाले भाऊंकडे येतोय, चालेल ना? बहिणीला फोन केला, यंदा रेल्वेनं येतो म्हटलं. ती म्हणाली मुलांच्या परीक्षा संपल्या की तीच इकडे येईल.

कागदवाला भाऊ:
या, अकरानंतर या. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, तुमचं आणि डॉक्टरांचं आधार-पॅन, आणि डॉक्टरांना सोबत आणा, ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येतो. येताना चेसिसचा पेन्सिल ठसा दादांच्या गॅरेजमधून काढून आणलात तर एक चक्कर वाचेल.

काटोलवाला:
सीएनजीचा धागा काढलाय, भाऊ जरा तिकडे या.